शेवटची फेरीबोट गेल्यावर ॲप काय म्हणतं?

रायबंदरच्या धक्क्यावर रात्री उशिरा कोणी उभा आहे आणि चोडणला जायला आणखी बोट आहे का, हे फोनवर बघतो आहे. ॲपच्या पडद्यावर एकच ओळ आहे: 'आजच्या ५ फेऱ्या राहिल्या आहेत.' अशी ओळ मराठीत आणि हिंदीत नीट उमटवायची तर काय काय सांभाळावं लागतं, ते याच ओळीच्या आधाराने बघू. उदाहरण अँड्रॉइडचं घेतो, कारण त्यातली रचना उघड दिसते.

अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचा मजकूर प्रोग्रॅममध्ये लिहीत नाहीत. तो `strings.xml` नावाच्या फाइलमध्ये वेगळा ठेवतात. मूळ फाइल `values` फोल्डरमध्ये असते, मराठीची `values-mr` मध्ये आणि हिंदीची `values-hi` मध्ये. फोनची भाषा बघून अँड्रॉइड योग्य ती फाइल उचलतो. गोव्यात याला एक खास महत्त्व आहे. अनेकांच्या फोनवर कोंकणी पहिली आणि मराठी दुसरी भाषा असू शकते. अँड्रॉइड ७ पासून फोन अशी भाषांची यादीच ठेवतो. ॲपमध्ये कोंकणी नसेल पण मराठी असेल, तर त्या माणसाला इंग्रजीऐवजी मराठी दिसते.

आता संख्या. पाचाच्या जागी एक आला, की 'आजची १ फेरी राहिली आहे' असं म्हणावं लागतं. 'आजच्या'चं 'आजची', 'फेऱ्या'चं 'फेरी', 'राहिल्या'चं 'राहिली' आणि 'आहेत'चं 'आहे' झालं. म्हणजे फक्त नाम बदलून भागत नाही, आकडा सोडला तर सगळं वाक्यच बदलतं. वाक्याचे तुकडे करून प्रोग्रॅममध्ये जोडायची सवय मराठीत चालत नाही ती यामुळेच. पूर्ण वाक्य दोनदा लिहायचं:

```xml
<plurals name="ferya">
  <item quantity="one">आजची %d फेरी राहिली आहे</item>
  <item quantity="other">आजच्या %d फेऱ्या राहिल्या आहेत</item>
</plurals>
```

इथे `one` म्हणजे 'एक हा आकडा' असा समज सर्रास होतो. खरं तर ते एका व्याकरणाच्या गटाचं नाव आहे. कोणत्या भाषेत कोणता आकडा कोणत्या गटात जातो, याचा तक्ता युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या संग्रहात असतो आणि फोन तो वापरतो. हिंदीच्या तक्त्यात शून्य आणि एक, दोन्ही `one` या गटात आहेत. मराठीच्या आजच्या तक्त्यात `one` मध्ये फक्त एक आहे आणि शून्य `other` मध्ये जातं.

याचा परिणाम बघा. भाषांतर करणाऱ्याने हिंदीच्या `one` मध्ये `%d` ही आकड्याची खूण न ठेवता 'आज की एक फेरी बची है' असं सरळ लिहिलं, तर वाचायला ते छानच वाटतं. पण शेवटची बोट सुटल्यावर उरलेल्या फेऱ्या शून्य होतात, फोन शून्यासाठी `one` उचलतो आणि धक्क्यावरच्या माणसाला अजून एक फेरी बाकी असल्याचं सांगतो. मराठीलाही हा धोका आहे, कारण सीएलडीआरच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी हिंदीच्याच गटात होती. तेच ॲप नव्या फोनवर बरोबर आणि जुन्या फोनवर चूक दाखवू शकतं. `quantity="zero"` अशी ओळ घालूनही उपयोग नाही. मराठी-हिंदीच्या तक्त्यात तो गटच नाही, त्यामुळे फोन त्या ओळीकडे बघतही नाही. खात्रीचा मार्ग एकच: शून्य आहे का, हे प्रोग्रॅममध्ये आधी तपासायचं आणि 'आज आता फेरी नाही' हे वाक्य वेगळं ठेवायचं.

त्या `%d` च्या जागी मराठी फोनवर '५' उमटतो, हिंदी फोनवर मात्र '5'. हेही सीएलडीआरनुसारच होतं, आणि पडद्यावर ते हवंच आहे. घोळ होतो तो तीच पद्धत वापरून सर्व्हरला तारीख पाठवली तर. मराठी फोनवरून '२०२५-०१-०५' असं जातं आणि सर्व्हरला ते वाचता येत नाही. तक्रार फक्त मराठी वापरणाऱ्यांकडून येते, इंग्रजी आणि हिंदी फोनवर सगळं सुरळीत चालतं, म्हणून कारण लवकर सापडत नाही. यंत्राने वाचायच्या मजकुरासाठी `Locale.ROOT` द्यायचं, माणसाने वाचायच्या मजकुरासाठी फोनची भाषा.

आता 'फेऱ्या' हा शब्दच जवळून बघू. फाइलमध्ये तो सहा चिन्हांचा आहे: फ, एकाराची मात्रा, ऱ, हलंत, य आणि काना. त्या सहांतून आपल्याला दिसणारा आकार घडवण्याचं काम अँड्रॉइडमध्ये हार्फबझ हा प्रोग्रॅम फॉन्टमधल्या नियमांनुसार करतो. ऱ (`U+0931`) आणि हलंत आले, की 'य'ला डावीकडून चिकटणारा वळलेला अर्धा र मिळतो. ऱ ऐवजी साधा र (`U+0930`) असेल, तर तो र रफार होऊन वर जातो आणि 'फेर्या' दिसतं. दर्या आणि दऱ्या या दोन शब्दांत जो फरक आहे, तोच हा. हिंदीला या अर्ध्या र ची गरज नसते, म्हणून हिंदी कीबोर्डवर टाइप केलेल्या मराठीत ही चूक हमखास सापडते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर `J` ला र आहे आणि शिफ्ट धरून ऱ.

दिसायला अगदी बरोबर असूनही आतून वेगळं, असाही एक प्रकार आहे. साधा र, हलंत आणि मग न दिसणारा जोडक (`U+200D`) दिला, तरी तोच वळलेला र उमटतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधताना 'किनाऱ्यावर' सापडत नाही, कारण फोनच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत 'र + नुक्ता' चं ऱ करते, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. ते आपणच बदलावं लागतं:

```kotlin
s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा.

उरला प्रश्न उंचीचा. इंग्रजी अक्षरं धरून बेतलेल्या चौकटीत देवनागरी मावत नाही, कारण शिरोरेखेच्या वरही मजकूर असतो आणि खाली उकार असतात. 'सर्वांसाठी' मधल्या एकाच अक्षरावर रफार आणि अनुस्वार दोन्ही बसतात. ओळीचा माथा थोडा कापला गेला, तर आधी अनुस्वार जातो आणि 'सर्वासाठी' उरतं, जे चूक म्हणून लगेच लक्षातही येत नाही. म्हणून बटणाची उंची आकड्यात न बांधता `wrap_content` ठेवावी. `elegantTextHeight` हा गुणधर्म चालू केला, की फॉन्टचं न दाबलेलं, पूर्ण उंचीचं रूप वापरलं जातं. अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या ॲपमध्ये तो आपोआप चालू असतो, त्याआधीच्यांत स्वतः चालू करावा लागतो. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून 'सर्वांसाठी' पुन्हा बघायचं. चष्मा विसरलेला प्रवासी धक्क्यावर फोन त्याच आकारात वाचत असतो.