भुकेली कचरापेटी (बालकवितेचा प्रकार)

भुकेली कचरापेटी : कचऱ्याचा डबा बोलतो, त्याला भूक लागते आणि आपल्याला काय चालते, काय चालत नाही हे तो स्वतःच मुलांना सांगतो, अशी कल्पना असलेली बालकविता. साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ती लिहिली जाते आणि वाचण्यापेक्षा म्हणण्यासाठी, शक्यतो टाळ्यांवर म्हणण्यासाठी असते. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते म्हणून तिच्यात चेतनगुणोक्ती अलंकार आहे हे उघडच आहे. पण नुसत्या बोलक्या वस्तूच्या कवितेपेक्षा हिच्यावर एक जास्तीचे बंधन असते. पेटी जे मागते ते खरोखर त्याच पेटीत जायला हवे. पतंग किंवा पेन्सिल कवितेत काहीही बोलली तरी चालून जाते. हिरव्या पेटीने मात्र दुधाची पिशवी मागितली, तर कविता कितीही गोड असली तरी चुकली.

पूर्वी या कवितेतली पेटी एकटीच असे आणि तिचा आग्रह एवढाच की कचरा रस्त्यावर टाकू नका, मला द्या. उद्यानांत दिसणाऱ्या पेंग्विनच्या वा जोकरच्या आकाराच्या, तोंड वासलेल्या पेट्या याच कल्पनेच्या. त्यांना एकच तोंड असल्यामुळे केळीचे साल आणि चिप्सचे पाकीट दोन्ही एकाच पोटात जाते. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी घरातच कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली आणि त्याचे तीन भाग केले : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा डबा ही खूण त्यानंतर घरोघरी पोचली. कवितेतली पेटीही मग एकीची दोन झाली, आणि सगळे खाणाऱ्या पेटीऐवजी निवडून खाणारी पेटी आली. कविता म्हणूनही हा बदल फायद्याचा ठरला, कारण दोन पेट्या आल्या की संवाद येतो आणि हट्टी, नखरेल पात्र मुलांना आज्ञाधारक पात्रापेक्षा जास्त आवडते.

नागपूरच्या घरात काय निघते ते धरून या नोंदीसाठी रचलेला एक नमुना असा :

हिरवी पेटी हळूच बोले,
"भूक लागली, आणा ओले!
संत्र्याच्या द्या साली सगळ्या
अन् पोळीच्या कडा वाकड्या."

निळी म्हणाली, "कोरडे हवे,
कागद, पुठ्ठे, जुने वा नवे.
पिशवी धुऊन वाळू द्या ना,
मगच मला ती खाऊ द्या ना."

सेल संपला, कुणी टाकला?
दोघींच्याही घशी अडकला!
वेगळी डबी त्याला ठेवा,
ताईंना तो हळूच द्यावा.

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे. लघु अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन मात्रा धरली, तर 'हिरवी पेटी' या शब्दांच्या 1+1+2+2+2 अशा आठ मात्रा होतात आणि 'हळूच बोले'च्या 1+2+1+2+2 अशा आणखी आठ. चार-चार मात्रांवर एक टाळी दिली की पहिल्या ओळीत चार टाळ्या नेमक्या बसतात. 'कोरडे हवे' इथे मात्र पाच आणि तीन अशी वाटणी होते. टाळी शब्दाच्या मध्ये पडते आणि लहान वर्गात हमखास तिथेच गोंधळ होतो. पुढच्या ओळीच्या शेवटी 'जुने वा नवे' हीच चाल पुन्हा येत असल्यामुळे दुसऱ्यांदा म्हणताना मुले सावरतात. अशी ओळ ठेवावी की बदलावी हे वर्ग पाहून ठरवावे. पहिलीच्या मुलांसाठी बदललेली बरी.

आता यातले खाद्य तपासू. संत्र्याची साल निश्चितच ओल्या कचऱ्यात जाते आणि नागपुरात ती निवडण्यामागे यमकापेक्षा ऋतूचे कारण मोठे आहे. आंबिया बहराची फळे थंडी सुरू होताना बाजारात येतात, मृग बहराची थंडी सरताना. या महिन्यांत घराघरातल्या डब्यात सालींचा ढीग असतोच. पण 'सगळ्या' हा शब्द शहराच्या गाडीत जाणाऱ्या हिरव्या डब्यापुरताच खरा आहे. घरी गांडूळखताची टाकी असेल आणि तिच्यात एकदम पुष्कळ साली गेल्या, तर सालीतले तेल आणि आंबटपणा गांडुळांना सोसत नाही आणि ती कडेला सरकू लागतात. तिथे साली बारीक तोडून, थोड्या थोड्या आणि वाळलेल्या पाल्यात मिसळून टाकाव्या लागतात. शाळेच्या परसात अशी टाकी असेल, तर शिक्षकांनी ही ओळ 'संत्र्याच्या द्या साली थोड्या' अशी म्हणून घ्यावी. मात्रा तेवढ्याच राहतात आणि 'वाकड्या'शी यमकही जुळते.

दुधाच्या पिशवीची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि अशा कवितांत तीच बहुधा गाळली जाते. प्लास्टिक सुक्या डब्यात टाकायचे एवढे मूल पटकन शिकते. पण न धुतलेल्या पिशवीत राहिलेले दूध नागपूरच्या उन्हाळ्यात काही तासांतच आंबते आणि शेजारचे कागद-पुठ्ठे भिजवते. ओला, वास मारणारा कागद कबाडीवाला घेत नाही किंवा कवडीमोलाने घेतो, म्हणजे निळ्या डब्यातली एक चूक बाकीचा चांगला मालही बिघडवते. म्हणून निळी पेटी 'धुऊन' आणि 'वाळू द्या' अशी दोन कामे सांगते, आणि या क्रमानेच सांगते. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा, हेही सांगण्यासारखे आहे, कारण तो तुकडा इतका लहान असतो की कुठल्याच डब्यात पोचत नाही. पण एका कडव्यात एवढे कोंबले की कवितेचे परिपत्रक होते. ते शिक्षकांनी तोंडी सांगावे.

तिसऱ्या कडव्यातला सेल घातक कचऱ्यात मोडतो. फुटलेला बल्ब, मुदत संपलेली औषधे, रंगांचे डबे हेही त्याच गटातले. यांच्यासाठी तिसरी भुकेली पेटी आणावी असा मोह कवीला होतो, पण तो टाळलेला बरा. औषधाच्या गोळ्या चवीने खाणारे पात्र पाच वर्षांच्या मुलासमोर उभे करू नये. या वस्तूंची भूक कोणालाच नसावी, म्हणून कवितेत त्यांना तोंड नसलेली साधी डबी दिली आहे. 'ताईंना' हा शब्द कचरा गोळा करणाऱ्या बाईंसाठी आहे. काच किंवा सेल त्यांच्या हातात सांगून द्यायचा असतो, हे 'हळूच' या शब्दावरून मुलांना दाखवता येते.

या कल्पनेत एक मूळचाच दोष आहे. भुकेल्याला जेवू घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम, तेव्हा पेटीला भूक लागली म्हटल्यावर मूल तिला जास्तीत जास्त भरवायला निघते. अर्धी पोळी मुद्दाम टाकणारे, कोरा कागद फाडून निळ्या पेटीला देणारे मूल कवितेच्या तर्काने बरोबरच वागत असते. वरच्या नमुन्यातही हा धोका आहे. 'पोळीच्या कडा' म्हणताना ताटात कडा उरवणे मान्य केल्यासारखे होते आणि 'जुने वा नवे' हे शब्द तर कोऱ्या कागदालाच आमंत्रण देतात. यावर चांगला उपाय म्हणजे पेटीला कमी खाणारी करणे. 'आज मला थोडेच पुरे' असे म्हणणारी, पोट गच्च झाले की कण्हणारी पेटी मुलांना तितकीच हसवते. दुसरा उपाय म्हणजे तिला स्वतः न पचवणारी, पुढे पोचवणारी करणे : हिरवीचा घास खताच्या खड्ड्याकडे, निळीचा कबाड्याकडे.

नागपुरात या कवितेला मारबतीचा ठेका द्यावा, असे सुचणे साहजिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पिवळी आणि काळी मारबत हे मोठे पुतळे मिरवत नेले जातात, सोबत चालू विषयांवरचे बडगे नावाचे पुतळे असतात आणि 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' हा पुकारा इथल्या प्रत्येक मुलाच्या कानात बसलेला असतो. त्याच सणाला लाकडी बैल घेऊन बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत घरोघर फिरणाऱ्या मुलांना एका दमात म्हणायला याहून सोपी चाल नाही. पण अर्थाच्या बाजूने ती उलटी पडते. मारबत सगळी पिडा एकत्र गोळा करून गावाबाहेर नेते आणि तिथे तिचे दहन होते. कचऱ्याच्या बाबतीत नेमके हेच टाळायचे असते. शहराच्या पूर्वेकडच्या भांडेवाडी डेपोवर मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे साठत आला आणि तिथे आगी लागण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. ढिगाखाली हवेशिवाय कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, त्याच ढिगात प्लास्टिक आणि कागद असतात, आणि उन्हाळ्यात ठिणगी पुरते. म्हणून मारबतीची चाल घ्यायचीच झाली, तर पुकाऱ्याचा शब्द 'घेऊन जा' न ठेवता 'वेगळं दे' असा करावा लागतो.

भाषेच्या बाबतीत कवितेची दोन रूपे शक्य असतात. वर्गात प्रमाण मराठी चालते. अंगणात तीच निळी पेटी वऱ्हाडी ढंगात बोलली, तर भांडण अधिक रंगते :

"काऊन बे, ओलं काऊन टाकलं?
माह्यं पोट तं पुरं बिघडलं!"

इथे मात्रा काटेकोर मोजण्यात अर्थ नाही, म्हणणाऱ्याच्या ठसक्यावर ओळ तोलली जाते. 'बे' वर्गात चालत नाही असे म्हणणारे शिक्षक भेटतात, आणि त्यांचेही अगदीच चूक नाही. पण रागावलेल्या पेटीच्या तोंडी तो शोभतो.

सादर करताना दोन मुले पेट्या होतात, पुठ्ठ्याची तोंडे लावतात आणि बाकीची मुले वस्तू किंवा वस्तूंची चित्रे घेऊन येतात. कविता नुसती पाठ झाली की समजली, हे कळण्यासाठी कवितेत नसलेली वस्तू द्यावी. टपरीवरचा कागदी चहाचा कप चांगली परीक्षा घेतो. नावाने तो कागद, पण आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो कुजणाऱ्यात जात नाही. चहा ओतून, विसळून निळीकडे द्यावा लागतो. अंड्याचे टरफल कडक आणि कोरडे दिसते, तरी ते हिरवीचे. नारळाच्या करवंटीवर मुले भांडतात आणि ते भांडण रास्तच आहे : ती कुजते, पण इतकी सावकाश की खतात अडथळा होते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती सुक्यात घेतात. खरी गंमत कॅरीबॅगमध्ये गाठ मारून आणलेल्या भाजीच्या देठांची. बहुतेक मुले ते गाठोडे तसेच हिरव्या पेटीच्या तोंडात घालतात, कारण घरी तसेच होताना त्यांनी पाहिलेले असते. हिरवी झालेल्या मुलीने तेव्हा तोंड मिटून मान हलवायची, आणि गाठ सोडून देठे आपल्याकडे, पिशवी शेजारणीकडे गेल्याशिवाय ते उघडायचे नाही.