मेडिकलमधलं बीपी मशीन नेमकं काय मोजतं?

आमच्या सोलापुरात आता बऱ्याच मेडिकलच्या काउंटरवर बीपी मशीन आणि ग्लुकोमीटर असतं, आणि गिऱ्हाईक गोळ्या घेता घेता उभ्या उभ्याच हात पुढं करतं, "जरा बीपी बघा की". स्क्रीनवर आकडा येतो, तो बघून माणूस एकतर घाबरतो नाहीतर निवांत होतो. पण ते मशीन वरचं आणि खालचं बीपी थेट मोजतच नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं.

डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जे ऐकतात ती १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरनं सांगितलेली पद्धत. डिजिटल मशीन काहीच ऐकत नाही. दंडावरचा पट्टा फुगून धमनी दाबतो, मग हवा हळूहळू सुटते आणि प्रत्येक ठोक्याला धमनी पट्ट्याला आतून बारीक धक्का देते. त्या धक्क्यानं पट्ट्यातला दाब किंचित थरथरतो, सेन्सर तेवढंच पकडतो. थरथर आधी लहान, मग वाढत जाऊन एका ठिकाणी सगळ्यात मोठी, मग परत लहान. सगळ्यात मोठी का होते, तर तिथं धमनीच्या आतला सरासरी दाब आणि बाहेरून पट्ट्याचा दाब जवळपास सारखे होतात, भिंतीवरचा ताण जातो आणि ती मोकळेपणानं हलते. म्हणजे मशीनला खरा सापडतो तो सरासरी दाब, वरचा आणि खालचा आकडा त्या थरथरीच्या चढउतारावरून कंपनीच्या सूत्रानं काढलेला असतो.

हे एकदा कळलं की चुका कुठं होतात ते आपोआप कळतं. ठोके अनियमित असतील तर चढउतार वेडावाकडा येतो आणि सूत्र गंडतं, मग आकडा दरवेळी वेगळा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर पट्ट्याचा दाब धमनीपर्यंत पूर्ण पोचत नाही, ती दाबायला जास्त हवा लागते आणि बीपी उगाच जास्त दिसतं. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर रक्ताच्या वजनानंच साधारण ७-८ पॉइंट वाढतात, उभ्या उभ्या बघितलेलं बीपी त्यामुळंच कामाचं नसतं.

समजा अशोक चौकाकडचे एक यंत्रमाग कामगार मामा शिफ्ट सुटल्यावर चालत आले, येताना चहा आणि तंबाखू झालेली. लगेच बघितलं तर १७२/१०४. आता मेडिकलवाल्यांनी त्यांना अर्धा तास थांबवायचं, त्यातली शेवटची पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. दंड टेपनं मोजला तर ३५ सेंटिमीटर, आणि साधा पट्टा २२ ते ३२ चा, म्हणून मोठा लावला. आता १४८/९२, एका मिनिटानं १४४/९०. सरासरी १४६/९१. बीपी १४०/९० च्या वर आहे म्हणून डॉक्टरकडं जायची चिठ्ठी द्यायचीच, पण "मामा, तुम्हाला बीपी झालंय" असं आपण म्हणायचं नाही, गोळी तर अजिबात द्यायची नाही, डॉक्टर परत बघून ठरवतील. शांत बसूनही १८०/११० किंवा जास्त राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं असं काही असेल तर वाट न बघता १०८. "डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही" हे तर डोक्यातून काढूनच टाका, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आणि तांब्याच्या कड्यानं बीपी उतरतं म्हणून कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर ते स्पष्ट सांगा, कड्यानं काही होत नाही.

शुगरचं थोडक्यात. बोट साबणानं धुऊन, पुसून कोरडं करायचं, कारण नुकतंच डाळिंब किंवा केळं सोललेल्या बोटाला फळाची साखर असते आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं ती पूर्ण जात नाही, चांगल्या माणसाची शुगर २०० दिसू शकते. स्ट्रिप बऱ्याचदा ३० डिग्रीच्या आत ठेवायच्या असतात, मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डबीवरचं तापमान वाचा आणि झाकण लगेच लावा. कधीही बघितलेली शुगर १४० किंवा वर आली तर उपाशीपोटी लॅबमध्ये तपासायला पाठवायचं, २०० च्या वर आणि खूप तहान, सारखी लघवी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर आधी ग्लुकोज पाजायचं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं.

रजिस्टरला नुसतं "१४६/९१" लिहून भागत नाही. तारीख, वेळ, कुठला हात, कुठला पट्टा, सगळी रीडिंग वेगवेगळी, चहा-तंबाखू झाली होती का, शुगर असेल तर शेवटचं खाणं कधी आणि स्ट्रिपचा बॅच नंबर. तेच कार्डावर लिहून मामांना द्यायचं, म्हणजे डॉक्टरला १७२ कसं आलं आणि १४६ कसं आलं हे दोन्ही दिसतं. शेवटचा रकाना "डॉक्टरकडं गेले का", तो पंधरा दिवसांनी फोन करून भरायचा, आणि फोन करायची परवानगी नंबर घेतानाच विचारायची.