फिरंग तलवार : अस्सल आणि नकली यांची पारख

फिरंग म्हणजे युरोपात घडलेले सरळ पाते देशी मुठीत बसवून केलेली तलवार. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत अशी पाती कोकण किनाऱ्यावर उतरत होती. दख्खनी सरदारांना त्यांचा लांब आवाका आणि पोलादाचा लवचिकपणा आवडला. पुढे देशी लोहारही याच घाटाची सरळ पाती घडवू लागले आणि त्यांनाही लोक फिरंगच म्हणू लागले. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावातून महाराष्ट्र शासनाने घेतलेली रघुजी भोसले यांची तलवार याच जातीची आहे. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय आहे, मूठ सोन्याचे काम केलेली मुल्हेरी घाटाची आहे आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘सेनासाहेब सुभा’ या पदासह रघुजींचे नाव आहे. या लिलावाच्या बातमीनंतर भिंतीवरच्या तलवारी उतरवून ‘आपलीही तशीच का?’ असे विचारणाऱ्यांची संख्या वाढली, हे ओघानेच आले.

आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ‘शिवकालीन’ तलवारी डेहराडून, राजस्थान आणि इतर ठिकाणच्या कारखान्यांत शोभेसाठी बनतात. शोभेची वस्तू म्हणून विकल्या तर त्यांत गैर काहीच नाही. नक्कल करणारा तलवारीचे चित्र पाहून काम करतो, त्यामुळे चित्रात दिसते ते त्याला बरे जमते. पाठीची जाडी, पात्यावरच्या पन्हळीचा म्हणजे नळाचा शेवट, बोटांचे रक्षण करणाऱ्या परजाची आतली बाजू या गोष्टी चित्रात दिसत नाहीत. पारख तिथूनच सुरू करावी.

पाठीची जाडी आणि तोल

पहिली परीक्षा कॅलिपरने करायची. घडवलेले पाते मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. लोहार पोलाद ठोकून पुढे ओढतो, त्यामुळे हा उतार आपोआप येतो आणि तो हवाही असतो. चांगल्या फिरंगेची पाठ मुठीलगत साधारण 6 ते 7 मिलिमीटर, मध्यावर 4 ते 5 आणि टोकाआधी वीतभर अंतरावर जेमतेम 3 मिलिमीटर भरते. नकली पाते बाजारातल्या तयार पट्टीतून कापलेले असते. तिथे मुठीजवळ 4 मिलिमीटर असेल तर टोकाजवळही 4 किंवा पावणेचारच सापडतात. रुंदी मात्र निमुळती केलेली असते, कारण रुंदी डोळ्यांना दिसते.

याचा परिणाम हातात लगेच कळतो. अस्सल फिरंग बहुधा 900 ग्रॅम ते सव्वा किलोच्या आसपास असते, पण हातात घेतल्यावर वजनापेक्षा हलकी वाटते. पाते आडवे करून बोटावर तोलले तर तोलाचा बिंदू मुठीच्या आडवीपासून, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या पट्टीपासून, पुढे चार बोटे ते वीतभर अंतरात येतो. दीड-पावणेदोन किलोची शोभेची तलवार दीड वितीवर तोलते. ती उचलली की टोक खाली ओढते आणि दोन-चार वेळा फिरवताच मनगट दुखू लागते. उलट टोकाची नक्कलही असते. पातळ स्टेनलेस पत्र्याची ती तलवार पाचशे-सहाशे ग्रॅमची असते आणि हलवली की पत्र्यासारखी थरथरते. ‘पूर्वीचे लोक ताकदवान, म्हणून तलवारी जड’ हे विक्रेत्याचे लाडके वाक्य आहे. दिवसभर घोड्यावर बसून लढणाऱ्याला जड तलवार परवडत नसे, इतकी साधी गोष्ट त्यात विसरली जाते.

नळ

पात्यावरच्या लांब खोलगट पन्हळीला नळ म्हणतात. तो रक्त वाहून जाण्यासाठी असतो, ही समजूत चुकीची आहे. नळामुळे पोलाद कमी लागते, पाते हलके होते आणि तरीही वाकायला सहज तयार होत नाही. युरोपीय पात्यांवर एकच रुंद नळ किंवा शेजारीशेजारी दोन-तीन अरुंद नळ आढळतात, आणि देशी लोहारांनी त्यांचीही नक्कल केली.

हाताने ठोकून आणि खरवडून काढलेला नळ पात्याच्या उताराबरोबर उथळ होत जातो आणि शेवटी पृष्ठभागात विरून जातो. त्याचे काठ दोन-तीनशे वर्षांच्या घासण्याने मऊ झालेले असतात. नखाने चाचपले तर काठ कुठे सुरू झाला ते नेमके सांगता येत नाही. पाते डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिले की नळ कुठेतरी केसभर सरकलेला दिसतो आणि दोन्ही बाजूंचे नळ आरशातल्यासारखे जुळत नाहीत. यंत्राच्या चाकाने कापलेल्या नळाची खोली सुरुवातीपासून शेवटापर्यंत तीच राहते, काठ टोचतात, आणि तो संपतो तिथे चाकाच्या गोलाईचा स्वच्छ चंद्रकोरी ठसा उरतो. भिंगाखाली नळाच्या तळाशी एकसारख्या अंतराच्या आडव्या बारीक रेघाही दिसतात. स्वस्त मालात तर नळ कापलेलाच नसतो. आम्लाने किंवा दाबाने उठवलेली ती नुसती रेघ असते.

पात्यावरच्या छापांवर मात्र भिस्त ठेवू नये. पळणारा लांडगा, विळ्यासारख्या दंतुर कोरा, मोडकी लॅटिन अक्षरे ही चिन्हे त्या काळातही किंमत वाढवायला खोटी मारली जात. तेव्हा खोटा छाप असलेले पातेही अस्सल जुने असू शकते.

मूठ

फिरंगेच्या पारखीत मूठ सर्वांत फसवी, कारण मुठी बदलणे ही जुनी रीतच होती. पाते वडिलोपार्जित आणि मूठ नातवाच्या आवडीची, असे सर्रास घडे. म्हणून पाते आणि मूठ यांचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो.

देशी मुठीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारे टोक, सहसा आखूड असते आणि आरपार जात नाही. मूठ पोकळ असते. तिच्यात लाखेचे मिश्रण वितळवून त्यात शेपटी रोवली जाते. फिरंगेत याशिवाय मुठीपासून निघालेल्या पट्ट्या पात्याच्या अंगांना धरून रिव्हेटने पक्क्या केलेल्या असतात. मुठीच्या मागच्या टोकाला लांब गज असतो आणि आडवीच्या आत मखमलीची किंवा कापडाची गादी शिवलेली असते. नकलीत मागच्या टोकाला नट दिसतो, किंवा नट लपवणारी खोटी कळी असते. आत पात्याला वेल्डिंगने जोडलेली बारीक आट्यांची सळई असते. जोरात वार केला तर ती तिथेच तुटते आणि पाते उडून जाते. मूठ ओतीव जस्ताची असेल तर साच्याची शिवण परजाच्या आतल्या बाजूला, बोटे जातात तिथे, घासायची राहून गेलेली असते. चुंबक अशा मुठीला चिकटत नाही. पण पितळी मुठी जुन्या काळीही होत्या, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

मूठ डुगडुगते म्हणून तलवार नकली ठरत नाही. दोनशे वर्षांत लाख तडकतेच. उलट अगदी घट्ट मुठीत भेगेपाशी चकचकीत एपॉक्सी दिसला तर विचारपूस करावी. गरम सुई टेकवली की लाख मऊ होते आणि तिचा वास येतो. एपॉक्सीला काही होत नाही. मात्र आजचे काही कारागीरही लाखच वापरतात. त्यामुळे एपॉक्सी असणे संशयाचे कारण ठरते, पण लाख असणे हा जुनेपणाचा पुरावा होत नाही.

सोन्याचे काम तपासायचे तर झिजलेली जागा शोधावी. कोफ्तगरीत लोखंडावर आधी बारीक उभ्या-आडव्या चरा पाडतात आणि त्यांत सोन्याची तार ठोकतात. सोने उडाले की खालच्या चरांची जाळी उघडी पडते. मुलामा झिजला तर खाली गुळगुळीत धातू दिसतो.

झीज

गंज कोणालाही आणता येतो. मीठ, आम्ल आणि आठवडाभर ओल्या मातीत पुरणे एवढे पुरते. असा गंज नारिंगी आणि सर्वत्र सारखा असतो, आणि कापडाला लागतो. जुना गंज काळपट तपकिरी असतो. तो खोल खड्ड्यांत मुरतो आणि दोन खड्ड्यांमधला पृष्ठभाग तेलापाण्याने गुळगुळीत राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झिजेला जागा असते. परजाची आतली बाजू बोटांनी झिजते आणि मुठीच्या मध्याचे नक्षीकाम सपाट होते, पण कोपऱ्यातले नक्षीकाम ताजे राहते. धार पुन्हा पुन्हा लावलेली असल्याने पाते मधोमध अरुंद होते आणि नळ धारेकडे सरकल्यासारखा दिसतो. मुठीलगतचा बिनधारेचा भाग मात्र मूळ रुंदीचाच राहतो आणि तिथे एक हलकी पायरी तयार होते. ही पायरी मुद्दाम बनवायला पात्यावरचे पोलाद खरोखर घासून काढावे लागते, म्हणून नकलीत ती क्वचितच सापडते. धारेवरच्या खाचाही पाहाव्यात. खऱ्या खाचांचे काठ नंतरच्या घासण्याने बोथट झालेले असतात. कानशीने पाडलेल्या खाचा एकाच मापाच्या आणि तीक्ष्ण असतात.

आपल्याकडे आणखी एक खूण सापडते. खंडेनवमीला पुजलेल्या तलवारीच्या मुठीच्या बेचक्यांत हळदकुंकू आणि तेल यांचा काळा, कडक थर साठतो. तो हौसेने चिंच, राख किंवा पॉलिश पेपर लावून काढू नये. त्या थराबरोबर बऱ्याचदा सोन्याची तारही निघते आणि पात्याची किंमतही उतरते.

एक उदाहरण

जुन्या बाजारात नेहमी भेटणारा एक नमुना घ्या. ‘मराठेशाहीतली फिरंग’ म्हणून दाखवलेली तलवार, वजन 1,150 ग्रॅम. पाठ मुठीजवळ 6.5 मिलिमीटर, मध्यावर 4.5, टोकाकडे 2.8. तोल आडवीपासून 13 सेंटिमीटरवर. तीन नळ पुढे विरत गेलेले, त्यांतला मधला किंचित वाकडा. धार मध्यावर अरुंद आणि मुठीजवळ पायरी. इथपर्यंत सगळे बरोबर. मग मुठीकडे पाहायचे. पट्ट्यांची रिव्हेटे एकसारख्या गोल डोक्यांची, यंत्रातून आलेली. गादीची शिलाई नायलॉनच्या दोऱ्याची. पट्टीच्या कडेखालून डोकावणारा पात्याचा भाग काळपट, पण पट्टी स्वतः नारिंगी. परजाच्या आत झीज नाही आणि कुंकवाचा कणही नाही. निवाडा असा की पाते जुने आहे आणि मूठ गेल्या काही दशकांतली आहे.

अशा तलवारीला फेकाफेकीची नक्कल म्हणणेही चूक आणि अस्सल फिरंगेचा भाव देणेही चूक. नुसत्या पात्याची किंमत करावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते. मूठ कालची असली तरी पाते त्या व्याख्येत बसू शकते, आणि तसे असल्यास परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही. पात्याचे वय ओळखणारा जाणकार मूठ उतरवून शेपटी पाहू इच्छितो. ते काम घरी तापवून करू नये. लाख सोडवायला दिलेली ज्योत पात्याचे पाणीच उतरवते.