फक्त ॲबस्ट्रॅक्टवरून पीअर रिव्ह्यू

संशोधनाचा पूर्ण पेपर न देता फक्त त्याचा ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सारांश पुढे करून "यावर रिव्ह्यू कमेंट्स द्या" असं सांगितलं जातं, त्याबद्दलची ही नोंद. मेडिकल कॉन्फरन्समध्ये हे रीतसर चालतं, तिथे निवडच मुळी दोन-तीनशे शब्दांच्या ॲबस्ट्रॅक्टवर होते. जर्नलचं तसं नाही. जर्नलच्या निमंत्रणाच्या मेलमध्येही बहुतेक वेळा टायटल आणि ॲबस्ट्रॅक्ट एवढंच असतं, पण ते एवढ्यासाठी की विषय आपला आहे का आणि कुठे हितसंबंध अडकलेत का हे बघून हो-नाही कळवावं, त्यावर कमेंट्स लिहून पाठवायच्या नसतात. हो म्हटल्यावर फाइल दिसलीच नाही तर आधी एडिटरला विचारायचं.

ॲबस्ट्रॅक्टवर किती भरवसा ठेवायचा हे तपासून झालंय. 1999 मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात सहा मेडिकल जर्नल्स घेतली होती, आणि त्यात जर्नलनुसार 18 ते 68 टक्के ॲबस्ट्रॅक्टमध्ये असे आकडे निघाले जे आतल्या पेपरशी जुळत नव्हते किंवा पेपरमध्ये नव्हतेच. म्हणजे रिव्ह्यूअर ज्याच्यावर मत देतोय तेच कदाचित पेपरचं नीट प्रतिबिंब नसतं.

तरी एवढ्याशा मजकुरातून बरंच काढता येतं. एक काल्पनिक ॲबस्ट्रॅक्ट घेऊ. गुडघेदुखीचे 80 पेशंट, रँडमायझेशन करून 40-40 चे दोन ग्रुप, एकाला व्यायाम आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार, तीन महिन्यांनी व्यायामाच्या ग्रुपमध्ये 71 टक्के लोकांना आराम, दुसऱ्यात 45 टक्के, p = 0.04, निष्कर्ष काय तर व्यायाम प्रभावी. वाचायला छान वाटतं. पण 40 चे 71 टक्के म्हणजे 28.4 माणसं, आणि माणसं काही दशांशात येत नाहीत. 28 जणांना आराम पडला तर 70 टक्के होतात, 29 जणांना पडला तर 72.5, 71 कुठूनच येत नाही. 39 जण धरले तरी येत नाही, 38 ला येतं. म्हणजे या ग्रुपमधले निदान दोन पेशंट हिशोबातून गळालेत आणि ॲबस्ट्रॅक्ट त्याबद्दल गप्प आहे.

खरं तर दोनपेक्षा जास्तही असतील. 31 पैकी 22 आणि 31 पैकी 14 हे धरून बघा, 71 आणि 45 टक्के बरोब्बर येतात आणि साध्या काय-स्क्वेअर टेस्टने p पण 0.04 च्या आसपास येतो. तसं असेल तर 80 पैकी 18 पेशंट गायब आहेत, आणि गायब झालेल्या सगळ्यांना आराम नाही असं धरलं तर 55 विरुद्ध 35 टक्के उरतात, p जातो 0.07 वर, म्हणजे ज्या p वर निष्कर्ष उभा आहे तोच 0.05 या रूढ मर्यादेच्या पलीकडे गेला. अर्थात हा आपला अंदाज झाला, दुसरी टेस्ट वापरली असेल तर आकडे वेगळेही जुळतील. त्यामुळे कमेंटमध्ये "लेखकांनी पेशंट लपवले" असं लिहायचं नाही, "71 टक्के हा आकडा 40 वर बसत नाही, प्रत्येक ग्रुपमध्ये विश्लेषणात किती जण होते आणि गळालेल्यांचं काय केलं ते द्या" एवढंच लिहायचं.

नवखे रिव्ह्यूअर घसरतात ते नेमके इथेच. ॲबस्ट्रॅक्टमध्ये ब्लाइंडिंगचा, म्हणजे कुणाला कुठला उपचार मिळतोय हे लपवून ठेवण्याचा, उल्लेख नाही म्हणून "ब्लाइंडिंग केलेलं नाही" असं ठोकून देतात, लेखक उत्तरात पेपरमधला पॅरा दाखवतो आणि मग रिव्ह्यूअरच्या बाकीच्या मुद्द्यांचंही वजन जातं. "ॲबस्ट्रॅक्टमध्ये दिसत नाही" हे शब्द प्रत्येक ठिकाणी हवेतच. मात्र काय दिसायला हवं होतं याची मागणी ठामपणे करता येते, कारण रँडमाइझ्ड ट्रायलच्या ॲबस्ट्रॅक्टसाठी 2008 पासून कन्सॉर्ट या ट्रायल कशी मांडावी हे सांगणाऱ्या नियमावलीची वेगळी यादी आहे. रँडमाइझ किती केले, विश्लेषणात किती घेतले, मुख्य आउटकम कुठला, परिणाम किती आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काय, दुष्परिणाम, रजिस्ट्रेशन नंबर हे सगळं त्यात आहे.

त्यातला रजिस्ट्रेशन नंबर सगळ्यात कामाचा, कारण तो ॲबस्ट्रॅक्टच्या बाहेर नेतो. भारतात ट्रायल सुरू करायच्या आधी सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंदवणं 2009 च्या जूनपासून सक्तीचं आहे आणि ती नोंद कुणालाही फुकट बघता येते. आपल्या उदाहरणात तिथे मुख्य आउटकम म्हणून सहा महिन्यांनंतरचं चालणं लिहिलेलं असेल आणि ॲबस्ट्रॅक्ट तीन महिन्यांच्या आरामाबद्दल बोलत असेल, तर ही तफावत कमेंटमध्ये पहिल्या नंबरवर जाते.

शेवटी "स्वीकारा की नाकारा" हा रकाना. कॉन्फरन्समध्ये तो भरावाच लागतो. जर्नलसाठी असेल तर तो रिकामा सोडून एडिटरला लिहायचं की हे मत ॲबस्ट्रॅक्टपुरतं आहे, मेथड्स आणि टेबलं पाहिल्याशिवाय शिफारस करता येणार नाही.