बोनस बाय

ऑनलाइन स्लॉट खेळात फ्री स्पिन्सची फेरी नशिबाने लागण्याची वाट न पाहता ठरावीक रक्कम भरून ती लगेच सुरू करण्याची सोय. खेळानुसार तिला ‘बाय फीचर’ किंवा ‘फीचर बाय’ असेही म्हणतात. किंमत चालू पैजेच्या पटीत सांगितली जाते. ‘गेट्स ऑफ ऑलिंपस’ या बहुपरिचित खेळात ती १०० पट आहे, म्हणजे १ युरोच्या स्पिनला बोनसचे, अर्थात या फ्री स्पिन्स फेरीचे, १०० युरो. बटण दाबले की फेरी उघडणारी खास चिन्हे, म्हणजे स्कॅटर, पुरेशा संख्येने पडद्यावर पडतात आणि फेरी चालू होते. त्या फेरीतून किती मिळेल हे मात्र विकत घेता येत नाही.

ही सोय लोकप्रिय केली ती बिग टाइम गेमिंग या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ‘व्हाइट रॅबिट’ने (२०१७). त्यात खेळत राहिल्यास बोनसची किंमत उतरत जाई. पुढे बहुतेकांनी ती स्थिर ठेवली आणि १०० पट हा जवळजवळ बाजारभावच झाला. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०१९ मध्ये ही सोय आपल्या नियमांत बसत नसल्याचे सांगितले. खेळाडूला पैज वाढवण्यास किंवा ठरवल्यापेक्षा जास्त पैसे लावण्यास उत्तेजन देणारी रचना तेथे चालत नाही. भारतात प्रश्न एका पायरीने आधीच येतो, कारण संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घातली आहे.

किंमत कशी बेतली जाते, हे एका कल्पित पण नेहमीच्या बांधणीच्या खेळावरून समजते. समजा, पैज १ युरो आहे. बोनस सरासरी ३२० स्पिनमध्ये एकदा लागतो आणि लागला की सरासरी ९६ युरो देतो. म्हणजे प्रत्येक स्पिनमागे बोनसचा वाटा ९६ भागिले ३२०, अर्थात ३० सेंट. उरलेल्या साध्या खेळातून, छोट्या छोट्या जिंकण्यांतून, आणखी ६६ सेंट परत येतात. एकूण परतावा, म्हणजे जाहिरातीत दिसणारा आरटीपी, ९६ टक्के झाला. आता तोच बोनस १०० युरोंना विकला, तर सरासरी परतावा ९६ युरो, म्हणजे पुन्हा ९६ टक्केच. लावलेल्या प्रत्येक युरोमागे अपेक्षित तोटा दोन्हीकडे ४ सेंट.

खेळाडू इथेच थांबतात आणि ‘मग फरक काय?’ म्हणतात. फरक मोजण्याच्या मापात आहे.

बोनसागणिक मोजले तर खरेदी स्वस्त पडते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. वाट पाहणारा ३२० स्पिनमध्ये ३२० युरो लावतो. साधा खेळ त्याला सुमारे २११ परत देतो, म्हणजे बोनसपर्यंत पोहोचायला त्याचे सरासरी १०९ युरो जातात. त्यातून ९६ परत येतात, तोटा सुमारे १३ युरो. विकत घेणाऱ्याचा तोटा ४ युरो. पण वाट पाहणाऱ्याला या १३ युरोंत ३२० स्पिनचा वेळही मिळतो, आणि खर्च ठरवणारे माप तेच, वेळ.

तासाला ५०० स्पिन होतात असे धरू. अपेक्षित तोटा २० युरो. बोनस फेरी तीन मिनिटांची धरली तर तासाला २० खरेद्या होतात, २,००० युरो फिरतात आणि अपेक्षित तोटा ८० युरोंवर जातो. टक्का जराही हललेला नाही, तरी तास चौपट महाग झाला. पैज २० सेंटवर आणली तर खरेदी २० युरोंची होते आणि तासाचा तोटा १६ युरोंवर येतो, पण तेवढे कोणी क्वचितच करते. पैजेचा आकडा डोळ्यांना १ युरोच दिसत राहतो. खरी पैज १०० युरोंची आहे, हे शिल्लक पाहिल्यावर कळते.

चढउताराचे कारणही याच बेरजेत आहे. साध्या खेळातले ते ६६ सेंट वारंवार आणि थोडे थोडे येतात, म्हणून शिल्लक हळूहळू उतरते. खरेदीत हा भाग पूर्ण गळतो. सारे पैसे बोनसवर लागतात, आणि बोनसची सरासरी थोड्याच मोठ्या फेऱ्यांनी उचलून धरलेली असते: बऱ्याच फेऱ्या २०-४० युरोंत आटोपतात, एखादी ७००-८०० देऊन जाते. ‘सरासरी ९६’ म्हणजे ‘साधारणपणे ९६ मिळतात’ असे नव्हे. चारपैकी तीन खरेद्या किमतीपेक्षा कमी देतात असे धरले, तर लागोपाठ पाच तोट्यांची शक्यता सुमारे २४ टक्के येते. हजार युरो घेऊन बसलेल्याकडे दहाच खरेद्या असतात; १ युरोच्या स्पिनने खेळणाऱ्याकडे तेवढ्याच पैशांत हजार निर्णय.

आपल्या उदाहरणात एका बोनसचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती दूर जातात याचे माप, १५० युरो धरू, आणि साध्या खेळातला चढउतार माफक. मग एका स्पिनचे प्रमाण विचलन सुमारे ११ युरो निघते. एका निर्णयाची जोखीम तेरा-चौदा पट वाढली. मात्र तुलना समान रकमेवर करावी: १०० स्पिनचे मिळून विचलन सुमारे १११, एका खरेदीचे १५०. लावलेल्या पैशांच्या मानाने वाढ साधारण एक तृतीयांश आहे. बाकीचा धक्का बसतो तो त्याच वेळात कितीतरी जास्त पैसे पणाला लागल्यामुळे. ‘बोनस बायमुळे खेळच भयंकर अस्थिर होतो’ हे विधान म्हणून अर्धेच खरे आहे.

इतक्या मोठ्या चढउतारात ४ टक्के तोटा दिसेनासा होतो. हजार खरेद्या, म्हणजे एक लाख युरोंची उलाढाल केली, तर अपेक्षित तोटा ४,००० युरो आणि विचलन सुमारे ४,७००. ढोबळ मानाने पाचातला एक जण तेव्हाही फायद्यात असतो. तेच एक लाख १ युरोच्या स्पिनने लावणाऱ्यांत आठातला एकच. त्यामुळे ‘मी हजार बोनस घेतले आणि वर आहे’ हे खरे असूनही त्यावरून खेळाच्या आरटीपीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. भाग्यवान फेऱ्यांच्या चित्रफितींचेही तसेच.

खेळाची खरी अट त्याच्या माहितीपानावर शोधावी. तेथे खरेदीचा आरटीपी बहुधा वेगळा दिलेला असतो. तो साध्या खेळापेक्षा किंचित जास्त, तेवढाच किंवा कमीही असू शकतो. शिवाय काही निर्माते एकाच खेळाच्या दोन-तीन आरटीपींच्या आवृत्त्या पुरवतात आणि कोणती लावायची ते संकेतस्थळाचा चालक ठरवतो. आपल्या १०० युरोंच्या खरेदीत ९६ ऐवजी ९४ टक्क्यांची आवृत्ती असेल, तर तोटा ४ वरून ६ युरोंवर जातो, म्हणजे दीडपट होतो, आणि पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. वर दिलेल्या चढउतारात हा फरक खेळून ओळखता येणे जवळजवळ अशक्य आहे. तो वाचूनच कळतो.