ग्रेस गुण आणि पूर्णांकन

उत्तीर्ण होण्यासाठी थोडेच गुण कमी पडलेल्या परीक्षार्थीला ठरलेल्या नियमाने दिलेली सवलत म्हणजे ग्रेस गुण. गुणांमधला अपूर्णांक जवळच्या पूर्ण संख्येवर नेणे म्हणजे पूर्णांकन. काठावरच्या निकालांत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. त्यांचा क्रम चुकला तर एकाच विद्यार्थ्याला सवलत दोनदा मिळते, आणि त्यातली एक कागदावर कुठेच दिसत नाही. उत्तीर्णतेची टक्केवारी बिघडते ती या न दिसणाऱ्या सवलतीमुळे. नोंदवलेल्या ग्रेसचा हिशेब लागतो, त्यामुळे ती टक्केवारी बिघडवत नाही.

नागपुरात हा विषय मुख्यतः राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांच्या निकालांत येतो. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांच्या नियमांत ग्रेससाठी २००७ च्या डायरेक्शन क्रमांक ३ चा हवाला असतो. उत्तीर्ण होण्यासाठीची ग्रेस आणि वरचा वर्ग मिळवण्यासाठीची ग्रेस यांचे हेतू वेगळे आहेत, म्हणून त्यांची नोंदही वेगळी ठेवावी लागते. वैद्यकीय शिक्षणात मर्यादा फार कडक राहिली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांनुसार एकाच विषयात नापास आणि बाकी सर्व विषयांत पास असलेल्या विद्यार्थ्यालाच जास्तीत जास्त ५ गुण देता येत, तेही विद्यापीठाच्या मर्जीने.

नियम कसा चालतो हे एका कल्पित सत्रावरून पाहू. पाच विषय, प्रत्येकी १०० गुण, उत्तीर्णतेला ४०. ग्रेस एकूण गुणांच्या एक टक्का, म्हणजे ५ गुण. ती दोन विषयांपर्यंत विभागता येते, पण ती दिल्यावर पूर्ण सत्र सुटत असेल तरच. एका विद्यार्थिनीला दोन विषयांत ३८ आणि ३७ आहेत. तिला २ अधिक ३ असे नेमके ५ गुण लागतात, ती पास होते. दुसरीला ३९ आणि ३५ आहेत. तिला १ अधिक ५ असे ६ लागतात. सत्र सुटत नाही, म्हणून तिला काहीच मिळत नाही. एका गुणासाठी राहिलेला विषयसुद्धा एटीकेटीत जातो. घरच्यांना हे अन्यायाचे वाटते, ते समजण्यासारखे आहे. पण रेषा ५ वरून ६ वर नेली तर ७ वाली मुलगी तिथे उभी असतेच. रेषा कुठे ओढायची हे परीक्षेआधी ठरलेले असावे, एवढीच मागणी रास्त आहे. टक्केवारी पाहून मग रेषा सरकवणे ही निकालाशी केलेली छेडछाड आहे.

पूर्णांकनातली गडबड अधिक बारीक असते. लेखी परीक्षेचे २८.५ आणि अंतर्गत मूल्यमापनाचे १०.६ गुण आहेत असे धरू. आधी बेरीज केली तर ३९.१ होते आणि पूर्णांकनानंतर ३९ राहतात. दोन्ही भाग वेगवेगळे पूर्ण केले तर २९ आणि ११ मिळून ४० होतात. विद्यार्थी विनाग्रेस पास! म्हणून अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवायचा, बेरीज करायची आणि पूर्णांकन एकदाच करायचे. चुकीच्या प्रश्नाचे गुण द्यायचे असतील किंवा मॉडरेशन, म्हणजे परीक्षकांच्या तपासणीतली तफावत दूर करणे, करायचे असेल, तर ते याच्या आधी. ग्रेस या सगळ्यानंतर.

वर्ग ठरवताना ही चूक आणखी महागात पडते. १३०० पैकी ७७३ गुण म्हणजे ५९.४६ टक्के. कुणी ते आधी एका दशांश स्थळापर्यंत ५९.५ केले आणि नंतर पूर्ण संख्येवर नेले, तर ६० टक्के होऊन प्रथम वर्ग लागतो. प्रत्यक्षात प्रथम वर्गाला ७८० गुण हवेत, म्हणजे ७ गुणांची खिरापत झाली. एकाच टप्प्यात पूर्णांकन केले तरी ७७४ गुणांचे ५९.५४ टक्के ६० वर जातात. तिथेही ६ गुण गुपचूप मिळालेच. म्हणून वर्ग टक्केवारीवरून न ठरवता थेट गुणांवरून ठरवावा आणि टक्केवारी फक्त छापण्यासाठी वापरावी. नियमात पूर्णांकनाची तरतूद नसेल तर ते करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ओडिशा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात स्पष्ट केले. तिथे उमेदवाराचे ४४.९३ टक्के ४५ धरायला न्यायालयाने नकार दिला.

आता टक्केवारी. वरच्या सत्राला २०० विद्यार्थी प्रत्यक्ष बसले आहेत असे धरू. नोंदणी करून गैरहजर राहिलेले या २०० मध्ये नाहीत. टक्केवारी काढताना भागाकार कुणाच्या संख्येने केला हे आधी सांगितले नाही, तर पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नसतो. विनाग्रेस ११८ पास, म्हणजे ५९ टक्के. ग्रेसने आणखी १४ पास, एकूण १३२, म्हणजे ६६ टक्के. दोन्ही आकडे शेजारी छापले की वाचणाऱ्याला सात टक्क्यांचा उगम कळतो. आता तेच गुण भागाभागाने पूर्ण केले आणि त्या १४ मधले ४ जण पूर्णांकनातच पास झाले असे समजू. विनाग्रेसचा आकडा १२२ म्हणजे ६१ टक्के दिसेल. शिवाय ज्यांना ६ गुण कमी होते, त्यांतल्या दोघांना आता ५ च कमी पडतात आणि ग्रेस लागू होते. एकूण १३४, म्हणजे ६७ टक्के. ग्रेसने पास झालेले १२ च दिसतात, म्हणजे ग्रेस कमी झाली असे वाटते, पण सवलत प्रत्यक्षात वाढलेली असते.

अशी सवलत गुणांच्या आलेखात सापडते. ३० पासून ४५ पर्यंत प्रत्येक गुणाला किती विद्यार्थी आहेत ते मांडावे, पण ग्रेसच्या आधीचे गुण घेऊन. ३८ आणि ३९ वर खड्डा आणि ४० वर ढीग दिसला, तर कुठेतरी आधीच ढकलाढकल झालेली आहे. ती पूर्णांकनातून आलेली असेल किंवा पेपर तपासतानाच परीक्षकाने दया दाखवलेली असेल. पोलंडच्या मातुरा परीक्षेत ३० टक्के ही उत्तीर्णतेची रेषा आहे. तिथल्या प्रसिद्ध झालेल्या आलेखांत रेषेच्या लगेच खाली जागा जवळजवळ रिकामी आणि रेषेवर उंच मनोरा असे चित्र दिसले आहे. परीक्षकाची ती माया मला समजते. पण एकाच्या परीक्षकाने ३८ चे ४० केले आणि दुसऱ्याच्या परीक्षकाने ३८ च ठेवले, तर दुसऱ्याची ग्रेस त्या विषयात खर्च होते आणि पहिल्याची पुढच्या विषयासाठी शिल्लक राहते.

यासाठीच टीआरमध्ये, म्हणजे निकालाच्या मूळ नोंदवहीत, मूळ गुण आणि ग्रेस वेगळे लिहितात. ३८ च्या जागी थेट ४० साठवले, तर पुनर्मूल्यांकनात घोळ होतो. मूळ ३८ चे दोन गुण वाढून ४० झाले तर ग्रेस निघून जायला हवी. पण साठवलेल्या ४० मध्ये दोन मिळवले की गुणपत्रिकेवर ४२ येतात. शिवाय पुनर्मूल्यांकनानंतर फक्त त्या विषयाचा नव्हे, तर त्या विद्यार्थ्याच्या सगळ्या सत्राचा ग्रेसचा हिशेब नव्याने करावा लागतो. वरच्या उदाहरणातल्या ३९ आणि ३५ वाल्या मुलीचे ३५ चे ३६ झाले, तर त्या विषयात ती अजूनही नापासच असते. पण आता तिला १ अधिक ४ असे ५ गुण लागतात आणि ग्रेस घेऊन तिचे सत्र सुटते. बदललेला विषय नापास आहे एवढेच पाहून फाइल बंद केली, तर तिचा हक्काचा निकाल तिला मिळत नाही.