संदेशवाहक आरएनए लसीची रचना

संदेशवाहक आरएनए (एमआरएनए) लसीत प्रतिजनाऐवजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती ओळखते त्या प्रथिनाऐवजी, ते घडवण्याचा संदेश टोचला जातो. प्रथिन शरीरातील पेशीच तयार करतात. फायझर-बायोएनटेकची कोविड लस (बीएनटी१६२बी२) येथे नमुना म्हणून घेतली आहे. तिचा रेणू सुमारे ४,२८० न्यूक्लिओटाइडांचा असून त्यात विषाणूच्या काटा-प्रथिनाचा संकेत आहे.

बाहेरून आलेल्या आरएनएतील यूरिडीन हे अक्षर रोगप्रतिकार पेशींतील टीएलआर-७ व टीएलआर-८ हे ग्राही ओळखतात. त्यामुळे दाह होतो आणि प्रथिननिर्मितीही मंदावते. यूरिडीनऐवजी त्याचेच किंचित बदललेले रूप, स्यूडोयूरिडीन, वापरल्यास ही ओळख टळते, असे शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको व ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले. आजच्या लसींत त्याचा एन१-मिथिल प्रकार असतो. यशाचे श्रेय या बदलाला किती द्यावे, याबद्दल मतभेद आहेत. क्युअरव्हॅक या जर्मन कंपनीच्या कोविड लसीत मूळ यूरिडीनच होते आणि २०२१ च्या चाचणीत तिची परिणामकारकता सुमारे ४८ टक्के भरली. काहींच्या मते याला विषाणूचे नवे प्रकार कारणीभूत होते. मात्र तिची मात्रा १२ मायक्रोग्रॅम होती, तर फायझरची ३०. बदल न केलेल्या आरएनएच्या दाहामुळेच मात्रा कमी ठेवावी लागली असावी, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे वाटते. बदलालाही किंमत आहे: काही ठिकाणी संदेश वाचून प्रथिन बनवणारा रायबोसोम एक अक्षर पुढे घसरून वेगळेच प्रथिन बनवतो, असे २०२३ मध्ये आढळले. त्यातून अपाय झाल्याचे दिसलेले नाही.

संकेताच्या दोन्ही बाजूंच्या अननुवादित प्रदेशांतून प्रथिन बनत नाही. किती बनेल आणि किती काळ, हे मात्र तेच ठरवतात. संकेताआधीचा प्रदेश मानवी अल्फा-ग्लोबिन जनुकावर बेतलेला आहे. संकेतानंतरचा दोन मानवी आरएनएंचे तुकडे जोडून केला आहे: एक एईएस जनुकाचा, दुसरा तंतुकणिकेतील १२एस आरएनएचा. हे तुकडे अनेक उमेदवारांतून प्रयोगाने निवडले गेले. शेवटची अ‍ॅडेनीनची शेपटी ३० आणि ७० अशी विभागलेली असून मध्ये दहा अक्षरांचा दुवा आहे. सलग लांब शेपटी जिवाणूंमध्ये आरएनएचा डीएनए-साचा वाढवताना आखूड होत जाते, म्हणून ही तोड.

आरएनए ऋणभारित व नाजूक असल्याने ते मेदाच्या नॅनोकणात भरतात. त्यात आयननक्षम मेद, कोलेस्टेरॉल, डीएसपीसी हा फॉस्फोमेद आणि पीईजी बहुवारिक जोडलेला मेद असे चार घटक असतात. आम्ल माध्यमात आयननक्षम मेद धनभारित होऊन आरएनए धरतो, रक्ताच्या पीएचला तो जवळपास उदासीन असतो. पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पिशवीत अडकतो ती अंतःपुटिका आम्लधर्मी होते, मेद पुन्हा भारित होऊन तिचे पटल विस्कटतो आणि आरएनए बाहेर पडते. ही सुटका अगदी थोड्या कणांनाच साधते. उरलेले तिथेच नष्ट होतात.

कुपीत पाणी असेपर्यंत आरएनएचे जलविघटन चालूच राहते, म्हणून मूळ लस उणे ६० अंश सेल्सिअसखाली ठेवावी लागे. पुण्याच्या जेनोव्हाने गोठवून सुकवलेली लस केली, जी २ ते ८ अंशांना टिकते.